माईक सुरू झाला की इअरबडचा आवाज पत्र्यासारखा का होतो?

माझी मावशी नाशिकला गाणं शिकवते. तिची एक विद्यार्थिनी न्यू जर्सीत राहते, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस सकाळी लॅपटॉपवर शिकवणी असते. शिकवणीआधी पाच मिनिटं मावशी लॅपटॉपवरच काळी चारचा तंबोरा लावते, कानात इअरबड घालते आणि आवाज लावून घेते. त्या पाच मिनिटांत तंबोरा सुरेख ऐकू येतो, जवारी खुललेली असते. मग ती व्हिडिओ कॉलमध्ये शिरते आणि पुढच्याच क्षणी तोच तंबोरा पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा वाजू लागतो. विद्यार्थिनीचा आवाजही तसाच येतो, चिरका आणि चपटा.

तिने मला फोन केला. "अरे, हे इअरबड बिघडलेत का रे? कॉल संपला की पुन्हा छान वाजतात."

तिच्या दुसऱ्या वाक्यातच निदान होतं. बिघडलेली वस्तू कॉल संपल्यावर आपोआप दुरुस्त होत नाही. इंटरनेट मंद असतं तर विद्यार्थिनीचा आवाज तुटला असता, पण लॅपटॉपमध्येच साठवलेला तंबोरा बदलला नसता. तो इंटरनेटवरून येतच नव्हता. म्हणजे बदल लॅपटॉप आणि इअरबड यांच्या मधल्या दोन-तीन फुटांत होत होता, आणि तो नेमका माईक उघडण्याच्या क्षणी होत होता.

ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या दोन अगदी वेगळ्या व्यवस्था आहेत. एक गाणी ऐकण्यासाठी, तिचं नाव ए२डीपी. दुसरी बोलण्यासाठी, तिचं नाव एचएफपी. यांना प्रोफाइल म्हणतात. एकच इअरबड दोन्ही व्यवस्था जाणतात, पण एका वेळी एकच वापरतात. मावशीचे इअरबड कॉल सुरू होताच पहिली सोडून दुसरीवर जात होते.

टाकीचं पाणी आणि थेट नळाचं पाणी

गाण्याची व्यवस्था गच्चीवरच्या टाकीसारखी असते. नगरपालिकेचं पाणी कधी जोरात येतं, कधी बारीक, मध्येच थांबतंही. पण टाकी भरलेली असेल तर स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचा पत्ताही लागत नाही. इअरबडमध्येही अशी एक छोटी टाकी असते. लॅपटॉप गाण्याचे तुकडे पाठवत राहतो आणि इअरबड ते साठवून थोडे मागून वाजवतात. एखादा तुकडा वाटेत खराब झाला, म्हणजे शेजारचा वायफाय मध्ये आला किंवा आपणच मान वळवली, तर इअरबड तो पुन्हा मागवतात. नवा तुकडा येईपर्यंत टाकीतला साठा पुरतो. हा साठा साधारण एक-दोन दशांश सेकंदाचा असतो. गाणं ऐकताना एवढा उशीर कुणाला जाणवत नाही, आणि सवड असल्यामुळे माहितीही भरपूर पाठवता येते. सगळ्याच इअरबडमध्ये असणारा एसबीसी हा साधा कोडेक घेतला, तरी चांगल्या सेटिंगला तो सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट वापरतो. कोडेक म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवण्याची आणि पलीकडे पुन्हा उलगडण्याची रीत.

पण या व्यवस्थेत पाणी एकाच दिशेने वाहतं, लॅपटॉपकडून कानाकडे. तोंडाचा आवाज परत लॅपटॉपकडे नेणारी नळी त्यात घातलेलीच नाही. ए२डीपी २००३ मध्ये आली ती स्टिरिओ संगीतासाठी, आणि संगीत ऐकणारा माणूस उत्तर देत नसतो.

संभाषणाला टाकी परवडत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत एका बाजूने १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी उशीर असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा सल्ला आहे. त्यापुढे उशीर वाढत गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसू लागतात, मग दोघंही थांबतात, मग पुन्हा एकदमच बोलतात. सगळी सवड इअरबडनेच खाल्ली तर मोबाइलच्या जाळ्यासाठी काही उरत नाही. म्हणून कॉलच्या व्यवस्थेत थेट नळ असतो. ब्लूटूथचा रेडिओ वेळेचे बारीक खण पाडतो, एका सेकंदात १६००. त्यांतले ठरावीक खण कॉलसाठी राखून ठेवले जातात, एक जायला आणि एक यायला. एसटीची गाडी भरली असो वा नसो, वेळ झाली की सुटते, तसं. मूळच्या पद्धतीत खराब झालेला तुकडा पुन्हा मागवायची सोयच नव्हती. नंतर आलेल्या सुधारित पद्धतीत एखाद-दुसऱ्या प्रयत्नापुरती जागा ठेवली आहे. तेवढ्यात तुकडा आला नाही तर तो गेला.

६४ किलोबिट कुठून आले?

मला या सगळ्यात रस वाटतो तो इथे. राखीव खणांमध्ये एका वेळी किती माल भरायचा, हे ठरवताना ब्लूटूथच्या रचनाकारांनी घरातल्या लँडलाइन टेलिफोनचं माप घेतलं.

डिजिटल टेलिफोनचं गणित असं आहे. आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी करायची आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहायचं. ८,००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. ब्लूटूथच्या पहिल्या आवृत्तीत, १९९९ मध्ये, कॉलची नळी नेमकी एवढ्याच रुंदीची केली गेली. तिच्या एका नेहमीच्या प्रकारात दर ३.७५ मिलिसेकंदाला ३० बाइटचा एक तुकडा जातो. तीस बाइट म्हणजे २४० बिट, आणि असे तुकडे सेकंदात सुमारे २६७. गुणाकार केला की पुन्हा ६४ किलोबिटच येतात. त्या काळात कानातला ब्लूटूथ हेडसेट म्हणजे गाडी चालवताना मोबाइलवर बोलायची वस्तू होती, आणि मोबाइलच्या जाळ्यातून येणारा आवाजच मुळात टेलिफोनच्या दर्जाचा होता. त्याहून रुंद नळी घालून उपयोग नव्हता.

आता सेकंदाला ८,००० वेळा मोजणी करायची म्हणजे काय गमवायचं? मोजणी जितक्या वेळा, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनंच पकडता येतात, हा पक्का नियम आहे. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. टेलिफोनच्या रूढीप्रमाणे प्रत्यक्षात पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचाच धरतात. तरुण कानाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं.

मराठी बोलण्यात याचा फटका सगळ्यात जास्त 'स'ला बसतो. 'स'चा जो सूक्ष्म फुत्कार असतो, त्याचा बहुतेक जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. 'श' त्यामानाने खाली बसतो, म्हणून तो बराचसा वाचतो. 'फ'चा फुत्कार आधीच क्षीण आणि वरपर्यंत पसरलेला, म्हणून त्याची 'स'शी गल्लत होते. चाऱ्यातला 'च' आणि चहातला 'च' यांत जो फरक आहे तोही त्याच वरच्या भागात राहतो. फोनवर ओटीपी सांगताना समोरचा 'साठ की आठ?' असं विचारतो, किंवा आडनाव सांगताना आपण 'स, समईतला स' असं म्हणतो, त्यामागचं हे कारण आहे. स्वर नीट पोचतात, म्हणून माणूस ओळखू येतो आणि वाक्य कळतं. व्यंजनांची धार मात्र वाटेतच गळते.

आणि मावशीचा तंबोरा? काळी चारचा षड्ज, जोडीच्या तारांचा, साधारण २०८ हर्ट्झवर असतो. पण तंबोऱ्याचं सौंदर्य त्या एका स्वरात नसतं. जवारीमुळे त्या स्वराचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वरांश एकावर एक उमलत जातात. ४,००० हर्ट्झवर कात्री लावली की एकोणिसाव्या स्वरांशानंतरचं सगळं कापलं जातं, आणि जवारीची झिलई त्या वरच्या भागातच असते. शिवाय अनेक इअरबड कॉलच्या वेळी खालची बाजूही कापतात, कारण वाऱ्याचा आणि श्वासाचा घूं-घूं आवाज तिथेच असतो. खर्जाची तार १०४ हर्ट्झची, म्हणजे ती या दुसऱ्या कात्रीत सापडते. वरून झिलई गेली, खालून वजन गेलं, उरला मधला भाग. पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारली की जो आवाज येतो, तोही असाच फक्त मधल्या भागाचा असतो. आपण आवाजाला पत्र्यासारखा म्हणतो ते अगदी बरोबर म्हणतो. त्यातच डावा-उजवा हा भेदही जातो, कारण कॉलच्या नळीत एकच धार असते. दोन्ही कानांत तेच वाजतं.

जुन्या कॉलमध्ये आणखी एक खरखर असते. तिथला मूळ कोडेक, त्याला सीव्हीएसडी म्हणतात, आवाजाचं मोजमाप पाठवतच नाही. तो सेकंदाला ६४,००० वेळा फक्त 'वर' किंवा 'खाली' एवढंच सांगतो. सलग काही वेळा 'वर' आलं की पायरी मोठी करायची, आलटून पालटून आलं की बारीक करायची. याचा गुण असा की एखाद-दुसरा बिट चुकला तरी आवाज कोसळत नाही, फक्त थोडा खरबरीत होतो. दोष असा की आवाज झपकन चढला तर पायऱ्या मागे पडतात. गाण्यातल्या जलद तानेत हे ऐकू येतं.

२०११ मध्ये एचएफपीच्या १.६ या आवृत्तीने याला एक चांगला पर्याय दिला. नळी तीच, ६४ किलोबिटचीच, पण आत एमएसबीसी नावाचा कोडेक. तो सेकंदाला १६,००० वेळा मोजणी करतो आणि आवाज अधिक हुशारीने आटोपतो, त्यामुळे ८,००० हर्ट्झच्या आसपासपर्यंतचं पोचतं. 'स' परत येतो. २०२३ च्या १.९ आवृत्तीत त्याच्याही दुप्पट मोजणी करणारा कोडेक आला. पण यांतलं काहीही दोन्ही बाजूंना येत असेल तरच वापरलं जातं. जोडणी होताना इअरबड आपल्याला येणाऱ्या कोडेकांची यादी सांगतात, लॅपटॉप त्यातला एक निवडतो. यादीत काही जुळलं नाही, तर दोघंही सीव्हीएसडीवर येतात, कारण तो सगळ्यांना यावाच लागतो. म्हणूनच तेच इअरबड फोनवर बरे आणि जुन्या लॅपटॉपवर भयंकर वाटू शकतात. आपल्या फोनचे व्होएलटीई कॉल तर आधीच ७,००० हर्ट्झपर्यंतचे असू शकतात. इअरबड सीव्हीएसडीवर असतील, तर जाळ्यातून शाबूत आलेला आवाज शेवटच्या दोन फुटांत कापला जातो.

माईक उघडला की कानही का ओढले जातात?

बहुतेकांना अन्याय वाटतो तो इथे. माईक लागला तर माईकपुरती जुनी नळी वापरा, कानातलं संगीत का बिघडवता?

कॉलची जोडणी दुहेरी म्हणूनच बांधलेली आहे, जायचा आणि यायचा खण जोडीनेच राखला जातो. त्याच वेळी गाण्याची व्यवस्थाही चालू ठेवायची, तर तोच एक रेडिओ तिसरं काम करणार, आणि कानात दोन ठिकाणांहून, वेगवेगळ्या उशिराने आवाज येणार. त्यांचा मेळ कसा घालायचा हे कुठल्याच प्रोफाइलमध्ये ठरलेलं नाही. म्हणून इअरबड आणि संगणक दोघंही सरळ मार्ग घेतात. कुठल्याही ॲपने इअरबडचा माईक मागितला, की गाण्याची व्यवस्था थांबवायची आणि सगळा आवाज कॉलच्या नळीतून न्यायचा.

मावशी कॉलमध्ये स्वतःला म्यूट करून पाहत होती, तरी आवाज सुधारत नव्हता. त्याचं कारण हेच. म्यूटचं बटण दाबल्यावर बहुतेक ॲप तुमचा आवाज पुढे पाठवणं थांबवतात, पण माईक उघडाच ठेवतात, म्हणजे पुन्हा बोलायचं ठरवलं तर पहिलं अक्षर चुकत नाही. माईक उघडा म्हणजे नळी कॉलचीच. कधी कधी तर कॉल नसतानाही गाणं अचानक पत्र्यासारखं होतं. अशा वेळी विंडोजच्या टास्कबारवर माईकचं चिन्ह दिसतंय का, फोनवर कोपऱ्यात माईक चालू असल्याचा हिरवा किंवा केशरी ठिपका आहे का, ते पाहावं. कुठलं तरी ॲप मागे माईक धरून बसलेलं असतं.

मग आम्ही काय केलं

उपाय कारणातूनच निघतो. इअरबडचा माईक कुणीच मागितला नाही, तर इअरबड गाण्याच्या व्यवस्थेतून हलणार नाहीत. लॅपटॉपला स्वतःचा माईक असतोच. मी मावशीला सेटिंगमध्ये `System`, मग `Sound` उघडायला सांगितलं. तिथे `Output` ला इअरबड ठेवले आणि `Input` ला लॅपटॉपचा `Microphone Array` निवडला. कॉलच्या ॲपमध्येही माईक आणि स्पीकर वेगळे निवडता येतात. तिथेही तसंच केलं, कारण ॲपची निवड संगणकाच्या निवडीहून वेगळी असू शकते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. दोन-तीन सेकंदांत तिच्या कानातला तंबोरा पुन्हा खुलला.

विंडोज १० मध्ये एक जास्तीचा खड्डा आहे. तिथे एकच इअरबड यादीत दोनदा दिसतात, एकदा शेवटी `Stereo` असं लिहून आणि एकदा `Hands-Free AG Audio` असं लिहून. ऐकण्यासाठी दुसरं निवडलं गेलं, तर माईक कुठलाही असला तरी आवाज पत्र्याचाच येतो. मॅकवर `Sound` मध्ये `Input` चा माईक बदलला की काम होतं. लिनक्स वापरणाऱ्यांना नेमकी कोणती व्यवस्था चालू आहे ते थेट पाहता येतं:

```
pactl list cards | grep "Active Profile"
```

इअरबडच्या ओळीत `a2dp-sink` दिसलं तर गाण्याची व्यवस्था, `headset-head-unit` दिसलं तर कॉलची.

या उपायाची किंमतही मोजावी लागते. लॅपटॉपचा माईक तोंडापासून दूर असतो, त्यामुळे पंखा, कुकरची शिट्टी, खालचा रस्ता हे सगळं त्यात येतं. आणि कानाला आता टाकीचं पाणी मिळत असल्यामुळे समोरच्याचं बोलणं थोडं उशिरा ऐकू येतं. शिकवणीत एकजण गाणार आणि मग दुसरा, असं असतं, म्हणून मावशीला ते चाललं. भराभर वादावादीची बैठक असेल तर हा उशीर जाणवू शकतो. फोनवर मात्र बहुतेक कॉलच्या ॲपमध्ये माईक आणि स्पीकर असे वेगळे निवडायची सोय नसते. तिथे दर्जा खरंच महत्त्वाचा असेल तर मी वायरवाला इअरफोन सुचवेन. तारेत नळीच्या रुंदीचा प्रश्नच येत नाही.

मूळ अडचण सोडवणारी व्यवस्था आता आली आहे, तिचं नाव एलई ऑडिओ. तिचा पाया २०२० च्या ब्लूटूथ ५.२ मध्ये घातला गेला. तिच्यात गाणं आणि कॉल यांसाठी दोन वेगळी घरं नाहीत. एलसी३ हा एकच कोडेक दोन्हीकडे चालतो, आणि माईक चालू असतानाही कानाकडे चांगल्या दर्जाचा आवाज जाऊ शकतो. पण इअरबड आणि लॅपटॉप किंवा फोन, दोन्हींना ती यावी लागते, आणि खोक्यावर ब्लूटूथ ५.२ किंवा ५.३ लिहिलं आहे एवढ्यावरून ती असेलच असं नाही. नेमकं 'एलई ऑडिओ' लिहिलेलं हवं. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर ती असेल, तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये `Use LE Audio when available` अशी ओळ सापडते.

मावशीचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. तंबोरा छान झाला होता, पण विद्यार्थिनीचा आवाज अजून चपटाच येत होता. तान घेताना 'सा' आणि 'नि' या स्वरांच्या मधली मींड तिला स्पष्ट कळत नव्हती. मी विचारलं, "ती मुलगीसुद्धा इअरबडच लावते का?" लावत होती. मावशीने आपल्या बाजूची नळी बदलली होती. विद्यार्थिनीचा आवाज तिच्या इअरबडच्या माईकमधून तिच्या लॅपटॉपपर्यंत जातानाच कापला जात होता, आणि एकदा कापलेलं नाशिकला येऊन परत जोडता येत नाही. शिवाय इअरबडचा माईक भोवतीचा गोंगाट पुसायचा प्रयत्न करतो, आणि लांबवलेला एकसारखा स्वर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. म्हणून दीर्घ आकार मध्येच विरत होता.

पुढच्या शिकवणीला त्या मुलीने लॅपटॉपचा माईक निवडला आणि कॉलच्या ॲपमधलं गोंगाट कमी करण्याचं सेटिंगही बंद केलं. मावशीने मला तिकडूनच निरोप पाठवला: "आत्ता कळलं, तिचा निषाद थोडा उतरतोय. इतके दिवस मी इअरबडला दोष देत होते."